पालुपद : ध्यास की धोशा?



पाठ्यपुस्तकातल्या गाण्यात पहिल्या ओळींपुढे ॥धृ॥ अशी खूण असते. तिसरी-चौथीची मुलं ती बघून हमखास विचारतात, "बाई, हा धृ कोण?" आपण सांगतो, ध्रुवपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत म्हणायची ओळ. ध्रुव म्हणजे जागचा न हलणारा. (त्या हिशेबानं खरं तर 'ध्रु' लिहायला हवं, पण 'धृ' इतका रुळलाय की तो आता हलायचा नाही. तोही ध्रुवच!) इथपर्यंत सोपं असतं. पण एखादं पोर पुढे विचारतं, "पण तेच तेच परत का म्हणायचं? एकदा म्हटलं की कळतं ना." मला वाटतं, ह्या प्रश्नाला आपण "चालीसाठी" असं उत्तर देऊन सुटका करून घेतो. चालीसाठी तर आहेच, पण तेवढंच नाही.

आधी आपली भाषा काय म्हणते ते बघू. ध्रुवपदाला मराठीत दुसरा शब्द आहे पालुपद. हा शब्द आपण घरात कधी वापरतो? "काय सारखं तेच पालुपद लावलंयस!" म्हणजे वैताग आल्यावर. तुणतुणं हे तमाशातलं वाद्य, त्यालाही तीच शिक्षा : "झालं ह्याचं तुणतुणं सुरू." दुसऱ्या बाजूला जप आहे, नामाचा घोष आहे, तबल्यावरचं आवर्तन आहे, जिथे सम आली की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. तिथेही तेच तेच येतं, पण त्याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं. ध्यास आणि धोशा हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. दोन्हीत एकच गोष्ट सुटत नाही. पण ध्यास आपण स्वतः घेतो आणि धोशा दुसऱ्याच्या मागे लावतो.

म्हणजे परत येणारी ओळ मनाला धीर देते की मनाला पछाडते? ह्या प्रश्नाचं उत्तर ओळीत शोधायला गेलं तर सापडत नाही, असं माझं मत झालंय. ती ओळ म्हटल्यावर समोरून कोणी उत्तर देतं का, आणि काय देतं, तिथे ते शोधायला पाहिजे. हे मी तीन उदाहरणांतून सांगते. एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, एक परदेशी, आणि एक आपल्या मुळशीतलं.

पहिलं भोंडल्याचं. नवरात्रात पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात तेव्हा कारल्याच्या वेलाचं गाणं झाल्याशिवाय भोंडला पुरा होत नाही. शब्द गावागणिक थोडे बदलतात, गोष्ट तीच. सुनेला माहेरी जायचंय. ती सासूला विचारते. सासू नाही म्हणत नाही, तीच तर खरी गंमत! ती म्हणते, आधी कारल्याचं बी पेर, मग जा. सून बी पेरते आणि परत विचारते. मग कोंब येऊ दे. मग वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. प्रत्येक फेऱ्यात सासूच्या ओळीत एकच शब्द बदलतो, सुनेच्या ओळीत तोच शब्द "झालं" म्हणून परत येतो, आणि शेवटचा तुकडा दोघींचाही जसाच्या तसा राहतो.

मुलांना हे गाणं मी फळ्यावर असं मांडून देते : डावीकडे सासू काय म्हणाली, उजवीकडे सूनबाई काय म्हणाली, आणि बदललेल्या शब्दाखाली रंगीत खडूनं रेघ. मग खाली खाली वाचत जायचं. फक्त रेघ मारलेले शब्द वाचले तर काय मिळतं? बी, कोंब, वेल, फूल, कारलं, भाजी. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातलं वनस्पतीचं जीवनचक्र! वेळ पुढे चाललाय, दिवस जातायत, बाहेर सगळं वाढतंय. आणि फक्त रेघ न मारलेले शब्द वाचले तर? तीच विनंती, तीच अट. काहीच पुढे चाललेलं नाही. एकाच गाण्यात एक घड्याळ चालू आहे आणि एक बंद पडलेलं आहे. मागे चौथीतल्या एका मुलीनं हे बघून विचारलं होतं, "बाई, मग हिनं बी पेरलंच कशाला?" कथनगीताच्या अभ्यासकाला पडावा असा प्रश्न आहे हा.

ह्या तंत्राला इंग्रजी बॅलडच्या अभ्यासात 'वाढती पुनरावृत्ती' अशा अर्थाचं नाव आहे : ओळ परत येते, पण दर वेळी थोडी सरकून. बॅलड म्हणजे कडव्याकडव्यातून गोष्ट सांगणारं गाणं, आपल्या पोवाड्याचं लांबचं भावंड. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १८८२ ते १८९८ ह्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या अशा ३०५ गाण्यांचा संग्रह छापला. त्यात बाराव्या क्रमांकावर 'लॉर्ड रँडल' आहे. शिकारीहून परतलेल्या मुलाला आई एकेक प्रश्न विचारते, तो उत्तर देतो आणि दर वेळी शेवटी अंथरूण घालायला सांगतो. सुरुवातीला आपल्याला वाटतं, पोरगा दमलाय. चार कडव्यांनंतर कळतं की त्याला विष घातलंय. अंथरूण घालायची तीच विनंती, पण आता तिचा अर्थ झोप राहत नाही. आपल्या कारल्याच्या गाण्यात आणि ह्यात समुद्र आडवा आहे, पण घडण एकच : प्रश्न, उत्तर, आणि न हलणारी शेपटी.

आता आपल्या प्रश्नाकडे. कारल्याच्या गाण्यातली पुनरावृत्ती दिलासा देणारी की छळणारी? शब्द बघाल तर छळणारीच. उत्तर मिळतंय, पण प्रत्येक उत्तरात नवी अट आहे. साफ नकार मिळाला असता तर सून एकदा रडली असती आणि गप्प बसली असती. इथे तिला आशा लावून ठेवलीय, म्हणून ती परत परत विचारते. मनाला पछाडणारी पुनरावृत्ती अशी तयार होते : दार पूर्ण बंदही नाही आणि उघडतही नाही.

पण आता शब्द सोडा आणि फेर बघा. दहा-बारा मुली हात धरून गोल फिरतायत. पुढची ओळ काय येणार हे सगळ्यांना माहीत आहे. नवीन आलेली, भाषा नीट न येणारी मुलगीसुद्धा दुसऱ्या फेऱ्यापासून शेपटी म्हणायला लागते. आमच्या पिरंगुटला कंपन्यांमुळे बाहेरून आलेली कुटुंबं पुष्कळ. वर्गात मराठी घरी न बोलणारी मुलं असतात. कवितेचं कडवं त्यांना पाठ व्हायला आठवडा लागतो, पण पालुपद पहिल्याच दिवशी तोंडात बसतं. गाण्यातली सून एकटी आहे, गाणाऱ्या मुली एकट्या नाहीत. सासुरवाशिणीच्या कोंडमाऱ्याचं गाणं इतक्या आनंदानं म्हटलं जातं, ह्याचं आपल्याला कधी नवल वाटत नाही, ते ह्यामुळे. छळ शब्दांत आहे आणि दिलासा फेरात.

तर मग गाण्यातून फेर काढून टाकला तर? सोबत गाणारं कोणी नाही, उत्तर देणारं कोणी नाही, फक्त एकटा आवाज आणि त्याला परत परत म्हणाव्या लागणाऱ्या ओळी. अगदी असाच एक काव्यप्रकार आहे, व्हिलानेल. नाव इटालियन खेडवळ गाण्यावरून आलंय. सोळाव्या शतकातल्या जाँ पासरा ह्या फ्रेंच कवीनं हरवलेल्या होल्याच्या मादीवर लिहिलेल्या कवितेची घडण पुढे नमुना म्हणून धरली गेली आणि एकोणिसाव्या शतकात त्या घडणीचा पक्का नियम झाला. खेडवळ गाण्यातला फेर गेला आणि नियम तेवढा उरला, असं म्हणायला हरकत नाही.

नियम असा. ओळी एकोणीस. पहिली पाच कडवी तीन-तीन ओळींची, शेवटचं चार ओळींचं. पहिल्या कडव्यातली पहिली ओळ आणि तिसरी ओळ ही दोन पालुपदं. पुढच्या कडव्यांच्या शेवटी ती आळीपाळीनं येतात : एकदा पहिली, एकदा तिसरी. आणि अगदी शेवटी दोन्ही लागोपाठ येतात. कवितेत यमकं दोनच : पालुपदांचं एक, आणि प्रत्येक कडव्यातल्या मधल्या ओळीचं एक. म्हणजे एकोणीसपैकी आठ ओळी तुम्हाला आधीच दिलेल्या असतात. जवळजवळ निम्मी कविता ठरलेली. कवीच्या हातात उरतात अकरा ओळी, आणि खरं काम त्या अकरा ओळींनाच करायचं असतं : दर वेळी पालुपदाकडे अशा वाटेनं यायचं की तीच ओळ वेगळी ऐकू यावी.

नुसता नियम सांगून हे कळत नाही, म्हणून मी एक जुळवली आहे. कविता म्हणून तिला मोठं समजू नका, फळ्यावरचं उदाहरण समजा. आमच्याकडे अनेक मुलांच्या आया कंपनीत दुसऱ्या पाळीला जातात, त्यावरून सुचली. बोलणारी मुलगी आठ-नऊ वर्षांची आहे, बाळी तिची धाकटी बहीण.

दिवा लागला, अजून आई नाही आली
निवत चाललाय ताटातला भात
दाराची कडी मी पुन्हा काढून पाहिली

कंपनीची गाडी तर कधीच गेली
शेजारची काकू म्हणते, बस आत
दिवा लागला, अजून आई नाही आली

बाळीला मांडीवर झोप लागली
हळूच सोडवला मुठीतला हात
दाराची कडी मी पुन्हा काढून पाहिली

फाट्यावर एकेक टपरी मिटली
कुत्री भुंकली, वाढत गेली रात
दिवा लागला, अजून आई नाही आली

पावलं वाजली, पुढे सरकली
कोण होतं, मी विचारलं मनात
दाराची कडी मी पुन्हा काढून पाहिली

काकूने येऊन गोधडी घातली
बाळीसाठी बसली काहीतरी गात
दिवा लागला, अजून आई नाही आली
दाराची कडी मी पुन्हा काढून पाहिली

पहिलं पालुपद चार वेळा येतं. पहिल्यांदा ती नुसती माहिती आहे : संध्याकाळ झाली, आई आली नाही. दुसऱ्यांदा, काकू आत बस म्हणते त्यावर, ते प्रत्युत्तर आहे, थोडा हट्ट आहे त्यात. तिसऱ्यांदा मात्र जरा थांबून वाचा. टपऱ्या बंद झाल्यात, रात्र वाढलीय, म्हणजे दिवा लागून कितीतरी वेळ झालाय. तरी मुलगी म्हणते, दिवा लागला. ती वस्तुस्थिती सांगत नाहीये आता. तिचं मन दिवेलागणीच्या वेळेला अडकून पडलंय, कारण आईनं त्या वेळेला यायचं होतं. पछाडणं म्हणतात ते हे. ओळ तशीच राहते, वेळ निघून जाते, आणि दोघांतलं अंतर वाढत जातं. कारल्याच्या गाण्यात हे होत नाही, कारण तिथे ओळीतला एक शब्द वेळेबरोबर सरकत राहतो. व्हिलानेलमध्ये ओळीला सरकायची परवानगी नाही.

दुसरं पालुपद बघा. पहिल्यांदा कडी काढून बघणं ही सवय आहे. दुसऱ्यांदा त्यासाठी बाळीच्या मुठीतून हात सोडवावा लागतो, म्हणजे तिथे तिनं काहीतरी सोडलंय. तिसऱ्यांदा पावलांमुळे आशा वाटली होती. आणि चौथ्यांदा, अगदी शेवटी? काकूचं गाणं चाललंय, आणि हिची ओळ काकूला उद्देशून नाही, आईपर्यंत पोचत नाही, कोणाला सांगितलेलीच नाही. काकू जे गातेय तेही बहुधा परत परत येणारंच काहीतरी असणार, अंगाईच. एकाच खोलीत दोन पुनरावृत्त्या चालू आहेत : एक बाळीला झोपवणारी, एक हिला जागं ठेवणारी. फरक इतकाच की बाळीला कोणीतरी गाऊन दाखवतंय.

मराठीत व्हिलानेल जुळवताना काय अडतं तेही सांगते, कारण वरच्या वर्गातल्या मुलांकडून करून घ्यायची झाली तर पहिल्या अर्ध्या तासात ते समोर येतं. इंग्रजीत यमकं कमी, म्हणून एकाच यमकावर इतक्या ओळी ओढणं अवघड. आपल्याकडे उलटं. आपलं वाक्य क्रियापदानं संपतं, त्यामुळे आली, गेली, लागली, मिटली अशी यमकं रस्त्यावर पडलेली असतात. मुलं खूश होतात आणि मग सगळी कविता 'ली ली ली' करत एका सुरात पळायला लागते. म्हणून मधल्या ओळीचं यमक मुद्दाम नामावर किंवा साध्या शब्दावर ठेवावं : भात, हात, रात. तिथे कान जरा टेकतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. डिलन थॉमस ह्या वेल्श कवीची वडिलांना उद्देशून लिहिलेली व्हिलानेल प्रसिद्ध आहे. १९५१ साली ती छापली गेली. त्याचे वडील शाळामास्तर होते, आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी ते गेले. त्या कवितेत दोन्ही पालुपदं पहिल्या कडव्यात आज्ञा आहेत : असं करू नका, असं करा. मधल्या चार कडव्यांत वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताना त्याच शब्दांची विधानं होतात : ही माणसं असं करत नाहीत, असं करतात. आणि शेवटच्या कडव्यात वडील समोर आले की पुन्हा आज्ञा, खरं तर विनवणी. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं म्हणून शब्दाला धक्का न लावता हे साधतं. मराठीत 'थांबू नका' आणि 'थांबत नाहीत' हे एका रूपात बसवताच येत नाहीत. क्रियापद लगेच सांगून टाकतं की कोण कोणाला बोलतंय. त्यामुळे असल्या कवितेचं भाषांतर करायला गेलं की एक तर पालुपद मोडतं, नाहीतर अर्थ. मराठीत व्हिलानेल फारशी रुळली नाही, त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं. दुसरं कारण असं की आपल्याकडे परत येणारी ओळ म्हटली की ती धरायला कोणीतरी मागे उभं असतंच. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, कीर्तनात टाळकरी, आरतीला सगळं घर. एकट्यानं पालुपद म्हणायची आपल्याला सवयच नाही.

एलिझाबेथ बिशप ह्या अमेरिकन कवयित्रीची 'वन आर्ट' ही १९७६ ची व्हिलानेल मला ह्या बाबतीत सगळ्यात जास्त पटते. विषय आहे वस्तू हरवण्याचा. किल्ल्यांसारख्या बारीक गोष्टींपासून सुरू होऊन हरवणारी गोष्ट मोठी मोठी होत जाते आणि शेवटी एक माणूस. 'ह्यात काही अवघड नाही' अशा अर्थाचं पालुपद ती स्वतःला बजावत राहते. दुसरं पालुपद मात्र ती जसंच्या तसं ठेवू शकत नाही, ते दर वेळी थोडं बदलतं. आणि अगदी शेवटच्या ओळीत, ठरलेला शब्द लिहिण्याआधी ती कंसात स्वतःलाच हुकूम करते की लिही. दिलासा देण्यासाठी निवडलेली ओळ किती वेळा म्हटली की तिचा धोशा होतो, ते तिथे दिसतं. उत्तर देणारं कोणी नसल्यामुळे तिला दोन्ही बाजू स्वतःच म्हणाव्या लागतात.

आता मुळशीत या. जात्यावरच्या ओव्या आपण पाठ्यपुस्तकात दोन-चार शिकवतो आणि पुढे जातो. पण १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून, आपल्या मुळशी तालुक्यातल्या गावांमधूनही, बायकांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल ह्यांच्या मदतीनं त्याचा मोठा संग्रह झाला. आज त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकायलाही मिळतात. वर्गात एकदा लावून बघा. पुस्तकात वाचलेली ओवी आणि ऐकलेली ओवी ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

छापलेली ओवी दोन ओळींची असते. वाचायला पाच सेकंद. गाताना तीच ओवी चांगली लांबते, कारण ओळीचे तुकडे परत परत येतात. बाई ओळीचा अर्धा भाग म्हणते, तोच पुन्हा म्हणते, मध्ये 'गं' येतो, 'बाई' येतो, मग उरलेला अर्धा. कधी दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ पालुपद म्हणून मध्ये मध्ये घेतलेली असते. जात्याला दोघी बसल्या असतील तर एकीनं म्हटलेलं दुसरी उचलते.

हे का? एक कारण अगदी हाताचं आहे. जातं थांबवून चालत नाही. खुंटा फिरत राहिला पाहिजे, एका हातानं दाणे घालत राहिले पाहिजेत, आणि गाणं त्या फेऱ्याशी बांधलेलं आहे. दुसरी ओळ अजून मनात जुळली नसेल तर पहिली परत म्हणायची, तेवढ्यात पुढची सापडते. म्हणजे पुनरावृत्ती ही विचार करायला मिळालेली जागा आहे. पालुपदाचा हा उपयोग कागदावर लिहिणाऱ्या कवीला कळणारच नाही, कारण त्याचं जातं थांबलं तरी चालतं.

दुसरं कारण आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेलं आहे. ह्या ओव्यांत दुःख पुष्कळ आहे. दूर दिलेली लेक, न भेटणारा भाऊ, गेलेली आई. तीच आई, तोच भाऊ, पहाटेमागून पहाट. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ह्या बायकांना ह्याचा ध्यासच लागलाय. पण जात्यापाशी बसलेली दुसरी बाई जेव्हा तोच अर्धा तुकडा उचलून परत म्हणते, तेव्हा ती काय करते? ती नवीन काही सांगत नाही. अट घालत नाही. तोडगा देत नाही. तुझं वाक्य मी ऐकलं, हे ती तेच वाक्य म्हणून दाखवते. सासू कारल्याच्या गाण्यात नेमकं उलटं करते : सुनेचं वाक्य घेते आणि त्याला पुढची अट जोडून परत करते. दोन्हीकडे पुनरावृत्तीच आहे. एकीत माणूस मोकळं होतं, दुसरीत अडकतं.

आणि जात्यावर एकटीच बसलेली बाई? तिला कोण उत्तर देतं? पुष्कळ ओव्यांमध्ये जात्यालाच देव म्हणून, सोबती म्हणून हाक मारलेली असते. जातं बोलत नाही, पण त्याची घरघर प्रत्येक ओळीनंतर येतेच, न चुकता. माझ्या मते एकटीला झील धरणारं ते तेवढंच. म्हणून ही एकटीची ओवीसुद्धा व्हिलानेलइतकी एकटी वाटत नाही. (पिठाची गिरणी आली आणि कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण गिरणीच्या रांगेत कोणी गात नाही.)

पालकहो, घरातलं एक उदाहरण इथे बरोबर बसतं. लहान मूल दहा वेळा विचारतं, "आई कधी येणार?" त्याला वेळ कळत नाही, "साडेनऊला" सांगून उपयोग नसतो, आणि खरं तर ते माहिती विचारतच नाही. आपण पहिल्यांदा एक सांगतो, दुसऱ्यांदा दुसरं, पाचव्यांदा "जेव तू आधी, मग येईल" अशी अट घालतो, सातव्यांदा ओरडतो. त्याच शब्दांत, त्याच आवाजात उत्तर मिळालं तर तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत बऱ्याच मुलांचा तो खेळ होतो, आणि मग ती स्वतःच उत्तर म्हणायला लागतात. प्रश्नही त्यांचा, झीलही त्यांची. झोपताना गोष्टीतला एक शब्द बदलला तरी "असं नाहीये!" म्हणून उठून बसणारं पोर हेच सांगत असतं.

वर्गात हे वापरायचं असेल तर वाचनापासून सुरू करा. मुलांना पालुपद पाठ असतं म्हणून ती ते घाईघाईनं, आवाज खाली टाकून, उरकून घेतात. सगळं पालुपद एकाच ठशात ऐकू यायला लागलं की समजायचं, कडवी वाचली गेली नाहीत. त्यावर उपाय म्हणजे पालुपद जोरात म्हणायला लावणं नव्हे. पालुपदाच्या आधी एक श्वास थांबायचं, एवढंच सांगा. त्या एका श्वासात आधीच्या दोन ओळी कानात राहतात आणि पालुपद त्यांच्यावर येऊन पडतं. वरची आई-बाळीची कविता एकदा सलग आणि एकदा असं थांबत वाचून घ्या. "हळूच सोडवला मुठीतला हात" नंतरचा थांबा मुलांना न सांगता कळतो.

मग पालुपदावर कागद झाकून विचारा, इथे दुसरी कुठली ओळ बसली असती? कुठलीही बसत असेल तर ते पालुपद नुसतं भरती आहे. आपल्या बालगीतांमध्ये अशी भरतीची पालुपदं भरपूर सापडतील, आणि त्यात वाईट काही नाही. ती टाळ्यांसाठी असतात.

मग वर्गाचे दोन गट करा. एकानं कविता म्हणायची, दुसऱ्यानं प्रत्येक पालुपदाला आपलं एक उत्तर द्यायचं, दर वेळी तेच. आमच्याकडे चौथीच्या मुलांनी काकूच्या तोंडी घातलं होतं : "येईल गं, रस्त्यात आहे." हे उत्तर चार वेळा आलं आणि कवितेचा रंगच पालटला. पछाडलेली मुलगी आता वाट बघणारी मुलगी वाटायला लागली, तिच्या शब्दांत एका अक्षराचाही बदल न करता. मग एका गटानं उत्तर बदललं : "आधी जेव, मग येईल." तीच कविता एकदम कारल्याच्या गाण्यासारखी ऐकू आली. मुलं हसली. हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, जेवली तरी नाही येणार ना?"

कारल्याच्या गाण्याचा शेवटही सगळीकडे एक नाही. काही ठिकाणी फणी आणून, वेणी घालून सुनेची पाठवणी होते. काही ठिकाणी सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार, आणि मग प्रश्न घरभर एकेका माणसाकडे फिरत राहतो. ह्या दसऱ्यापर्यंत वर्गातल्या मुलांना घरी आजीला विचारून यायला सांगा की तिच्या गावात सून माहेरी पोचते का. आमच्या वर्गात मागच्या वर्षी दोन्ही शेवट आले होते, आणि कुठला म्हणायचा ह्यावरून मधल्या सुट्टीत भांडण झालं.